पाठवलेल्या फोटोंपैकी काहीच आले, तर राहिलेले नेमके कसे ओळखायचे?

प्रश्न: "छायाचित्रकार म्हणतात ४१२ फोटो पाठवले, माझ्याकडे ३८९ आलेत. नावं DSC_ ने सुरू होतात आणि मधले बरेच नंबर गायब आहेत. नेमके कोणते राहिले ते कसं शोधू? सगळे परत पाठवा असं सांगायला बरं वाटत नाही."

नमस्कार. मी बरीच वर्षं अल्बमच्या मांडणीचं काम करतो. दुसऱ्यांनी काढलेले फोटो माझ्याकडे गठ्ठ्याने येतात आणि त्यातले काही वाटेत राहणं हे नेहमीचंच आहे. त्यामुळे तुमची अडचण ओळखीची आहे. सगळे परत मागवायची गरज पडणार नाही, पण तुम्ही ज्या वाटेने निघाला आहात तिच्यात एक खड्डा आहे, तो आधी दाखवतो.

तुम्ही मधले गायब नंबर शोधताय. गायब नंबर म्हणजे न आलेला फोटो, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. कॅमेरा प्रत्येक क्लिकला पुढचा नंबर देतो. नंतर छायाचित्रकार छाटणी करतात. डोळे मिटलेले, हललेले, एकसारखे दहा असतील तर त्यातले आठ, असे फोटो काढून टाकले जातात, पण उरलेल्यांचे नंबर बदलत नाहीत. म्हणून छाटणी केलेल्या कुठल्याही गठ्ठ्यात नंबरांना भोकं असतातच आणि त्यातली बहुतेक भोकं निर्दोष असतात. उलट काही फोटो राहूनही भोक पडत नाही. ते कसं, हे खालच्या उदाहरणात दिसेल.

म्हणून छायाचित्रकारांना पहिला प्रश्न हा विचारा: नंबर कॅमेऱ्याचे आहेत, की छाटणीनंतर नव्याने दिलेत? छाटणीनंतर सगळ्यांना ओळीने 001 ते 412 अशी नावं दिली असतील तर काम दोन मिनिटांचं आहे. तिथे प्रत्येक भोक म्हणजे खरोखर राहिलेला फोटो. तुमची नावं DSC_ ने सुरू होतात, म्हणजे ती बहुधा थेट कॅमेऱ्याची आहेत, आणि पुढचं सगळं त्याच गृहीतावर लिहितोय.

दुसरा प्रश्न: ४१२ हा आकडा कुठून आला? फोल्डर निवडल्यावर संगणक दाखवतो तो आकडा फायलींचा असतो, फोटोंचा नसतो. त्यात दोनचार व्हिडिओ असू शकतात. काही फोटोंच्या JPG बरोबर त्याच नावाची NEF ही रॉ फाइलही असू शकते, मग एक फोटो दोनदा मोजला जातो. तुमच्याकडे फक्त JPG आल्या असतील तर २३ चा फरक एवढ्यानेच मिटू शकतो. असे दोनतीन वेळा मी अर्धा दिवस घालवून शेवटी या उत्तरावर आलोय. त्यामुळे आता आधी "फक्त JPG किती?" हे विचारतो आणि मगच कामाला लागतो.

आकडा पक्का असेल तर आता माझ्याकडचं एक प्रकरण तपशीलाने सांगतो, कारण तुमचं बहुतेक त्याच जातीचं आहे.

एका कार्यक्रमाचे ६४० फोटो पाठवले असं मला सांगितलं होतं. माझ्या फोल्डरात निघाले ५८६, म्हणजे ५४ कमी. नावं DSC_9641 पासून सुरू होऊन DSC_9999 पर्यंत जात होती आणि मग DSC_0001 पासून DSC_0402 पर्यंत. इथे घाबरायचं कारण नाही. कॅमेऱ्याच्या नावात चारच आकडे असतात, ९९९९ झाले की कॅमेरा नवा फोल्डर उघडून पुन्हा ०००१ पासून मोजतो. फक्त नावाप्रमाणे लावल्यावर शेवटचे फोटो आधी येतात आणि मधे हजारो नंबरांचं खोटं भोक दिसतं, एवढं लक्षात ठेवायचं.

पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जागा किती? ९६४१ ते ९९९९ या ३५९ आणि १ ते ४०२ या ४०२, मिळून ७६१. त्यातल्या ५८६ भरलेल्या, म्हणजे रिकाम्या १७५. आणि राहिलेले फोटो ५४. मी या १७५ नंबरांची यादी करून "हे पाठवा" म्हटलं असतं, तर समोरच्याने त्यातले बहुतेक नंबर शोधून "हे नाहीतच" असं कळवलं असतं आणि दोघांचाही वेळ गेला असता.

मग रिकाम्या जागांमधून काही कळतं का? कळतं, पण वेळ शेजारी ठेवली तरच. प्रत्येक फोटोत तो काढल्याची वेळ नोंदलेली असते. विंडोजमध्ये फोल्डर Details मध्ये उघडून Date taken हा रकाना जोडला की ती दिसते. Date modified बघू नका, ती फाइल तयार झाल्याची किंवा उतरवल्याची असू शकते. Date taken मध्ये तिथे सेकंद दिसत नाहीत. सेकंद हवे असतील तर मी एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरतो. फोटोंच्या फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडून ही एक ओळ दिली की नाव, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि त्याचा अनुक्रमांक असा तक्ता एक पायरी वरच्या फोल्डरात vel.txt नावाने तयार होतो:

```
exiftool -T -FileName -DateTimeOriginal -Model -SerialNumber . > ../vel.txt
```

हा तक्ता स्प्रेडशीटमध्ये उघडून वरून खाली वाचायचा. नंबर उडालेत, पण वेळ दोनचार सेकंदच पुढे गेली आहे, असं असेल तर तिथे बर्स्ट मारून, म्हणजे एका दमात भराभर फोटो काढून, नंतर छाटणी झाली आहे. नंबर सलग आहेत, पण वेळ अर्धा तास पुढे गेली आहे, असं असेल तर छायाचित्रकार तेवढा वेळ थांबले होते, काही राहिलेलं नाही. पण नंबरही बरेच उडालेत आणि वेळही बरीच पुढे गेली आहे, तर तिथे काम चालू होतं आणि त्या कामाचा एकही फोटो तुमच्याकडे नाही. सगळा प्रसंगच्या प्रसंग छाटून टाकणं फारच क्वचित होतं. म्हणून अशा जागेवर मी लाल खूण करतो.

माझ्या तक्त्यात अशी एकच जागा होती. DSC_0117 संध्याकाळी ७:०६ चा आणि त्यानंतर थेट DSC_0149, ७:३१ चा. मधले ३१ नंबर आणि पंचवीस मिनिटं कुठेच नाहीत. बाकीच्या १४४ रिकाम्या जागा एकेकट्या किंवा दोनदोनच्या, इकडेतिकडे विखुरलेल्या आणि सेकंदांच्या अंतरातल्या होत्या. यावरून मला अंदाज आला, पण तो अंदाजच होता. ३१ पैकी किती छाटले, किती राहिले हे माझ्या बाजूने कळणं शक्य नव्हतं. शिवाय ते सगळेच्या सगळे राहिले असं धरलं तरी ५४ ची बेरीज जुळत नव्हती. २३ फोटो कुठे तरी होते आणि भोकांमध्ये त्यांचा पत्ता नव्हता.

इथून पुढे पाठवणाऱ्याच्या यादीशिवाय जाता येत नाही. तुमच्याकडे काय नाही हे तुमच्याकडच्या फायली कधीच पुरेपूर सांगू शकत नाहीत. पण यादी मागणं म्हणजे फोटो मागणं नव्हे. सहाशे नावांची यादी दहावीस किलोबाइटची असते, एका फोटोच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नाही, आणि ती द्यायला कुणी कुरकुर करत नाही. विंडोजवर त्यांनी पाठवलेल्या फोटोंच्या मुख्य फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच लिहायचं:

```
dir /s /b /a-d *.jpg *.jpeg > yadi.txt
```

`/s` मुळे आतले फोल्डरही येतात आणि प्रत्येक नावाआधी तो कुठल्या फोल्डरातला ते लिहिलेलं असतं. हे टाळू नका, का ते लगेच सांगतो. एक अट मात्र त्यांना स्पष्ट सांगा: यादी त्याच फोल्डरची हवी जिथून फोटो पाठवले. कार्डाची नको, छाटणीआधीच्या फोल्डरची तर मुळीच नको, नाहीतर छाटलेले फोटो पुन्हा यादीत शिरतील.

तुमच्या फोल्डरात तीच आज्ञा देऊन तुमची यादी करा. दोन्ही याद्या एकाच स्प्रेडशीटमध्ये ठेवा, A रकान्यात त्यांची, B मध्ये तुमची, दोन्ही दुसऱ्या ओळीपासून. नावाआधीचा फोल्डरचा पत्ता दोन्हीकडे वेगळा असणार, तो काढून टाकावा लागेल. एक्सेलमध्ये शोधा-बदला उघडून शोधायच्या जागी `*\` लिहा आणि बदलायची जागा रिकामी ठेवा, की फक्त फाइलचं नाव उरतं. मूळ पत्ते असलेली एक प्रत मात्र बाजूला ठेवा. मग C2 मध्ये हे सूत्र लिहून यादीच्या शेवटापर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B:B,A2)
```

जिथे शून्य आलं तो फोटो तुमच्याकडे नाही. एकाकडे .JPG आणि दुसऱ्याकडे .jpg असा लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असला तरी या सूत्राला चालतो. पण एकीकडे .jpg आणि दुसरीकडे .jpeg असेल तर चालत नाही, तिथे आधी एकसारखं करून घ्या.

मी हे केलं तेव्हा ४९ शून्यं मिळाली. त्यातली २७ त्या लाल खुणेच्या जागेतली. म्हणजे तिथले चारच नंबर छाटलेले होते, बाकी सगळे खरंच राहिले होते. उरलेली २२ नावं DSC_0403 ते DSC_0427 या पट्ट्यातली निघाली. नीट बघा, माझ्याकडचा शेवटचा फोटो DSC_0402 होता. त्याच्यापुढे काही आहे हे मला कळायला मार्गच नव्हता, कारण शेपटीचे फोटो राहिले तर भोक पडत नाही, माळ फक्त लवकर संपते. सुरुवातीचंही तसंच. पाठवणाऱ्याने फायली वर चढत असतानाच खिडकी बंद केली होती, म्हणून शेवटचे गेलेच नव्हते. मधल्या सत्तावीसच्या वेळी त्यांचं इंटरनेट तुटलं होतं. चढवणं तुटलं की राहिलेले फोटो असे सलग पट्ट्यात सापडतात, आणि सुटे सुटे विखुरलेले राहिले असतील तर बहुधा कुणीतरी हाताने निवडताना सोडलेत, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

पण ४९ म्हणजे ५४ नव्हे. इथे बरेचजण "जवळपास जुळलं" म्हणून थांबतात आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच जागेची वाटते. बेरीज एकानेही चुकत असेल तर तिथे काहीतरी आहे. ते शोधायला मी त्यांच्या यादीवर दुसरं सूत्र चालवलं, एकच नाव त्यांच्याच रकान्यात किती वेळा येतं ते बघायला:

```
=COUNTIF(A:A,A2)
```

DSC_0231 ते DSC_0235 या पाच नावांपुढे २ आला. पत्ते असलेली प्रत उघडली तेव्हा उलगडा झाला: त्यांनी दुसऱ्या कॅमेऱ्यानेही पाच फोटो काढले होते, ते वेगळ्या फोल्डरात होते आणि योगायोगाने त्यांचे नंबर हेच होते. मी दोन्ही फोल्डर उतरवले, सगळे फोटो एका जागी आणले आणि संगणकाने "याच नावाची फाइल आहे, बदलू का?" असं विचारल्यावर होय म्हटलं. पहिल्या कॅमेऱ्याचे पाच फोटो तिथे पुसले गेले. नंबरांच्या रांगेत त्या जागा भरलेल्याच दिसत होत्या, म्हणून भोक नाही आणि नावांच्या तुलनेत शून्यही नाही. हे पाच मागावेच लागले नाहीत. त्यांच्या सामायिक फोल्डरातून पुन्हा वेगळे उतरवून घेतले.

खरं तर याची खूण माझ्या तक्त्यात आधीच होती. DSC_0230 आठला दोन मिनिटं कमी असतानाचा आणि DSC_0231 सव्वासहाचा. एकाच कॅमेऱ्यात नंबर पुढे गेला की वेळ मागे जात नाही. वेळ मागे गेली, किंवा मॉडेल अथवा कॅमेऱ्याचा अनुक्रमांक बदलला, तर दोन रांगा एकमेकींत मिसळल्या आहेत असं समजा आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय काही मोजू नका. तेव्हापासून मी प्रत्येक कॅमेऱ्याचे फोटो त्याच्याच फोल्डरात ठेवतो आणि "बदलू का" ला कधीच होय म्हणत नाही.

म्हणजे त्या प्रकरणात १७५ भोकांपैकी २७ खरी होती, आणि कमी पडलेल्या ५४ पैकी निम्म्या फोटोंचा भोकांशी काही संबंधच नव्हता. तुमच्या २३ मध्ये हे प्रमाण काय निघेल ते सांगता येत नाही, पण शेपटी आणि एकाच नावाचे दोन फोटो या दोन जागा नक्की तपासा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या थोडक्यात. फोटो व्हॉट्सॲपवरून साधे फोटो म्हणून आले असतील तर वरचं जवळपास काहीच लागू होत नाही. तिथे नाव IMG, तारीख आणि WA0003 असं नवं पडतं. तो नंबर कॅमेऱ्याचा नसतो आणि फोटो काढल्याची वेळही निघून गेलेली असते. DSC_ नावं शाबूत आहेत यावरून तुमचे तसे आलेले दिसत नाहीत. पण राहिलेले मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" किंवा पहिल्यासारखेच पाठवा असं आवर्जून सांगा. मोठं फोल्डर गूगल ड्राइव्हवरून एकदम उतरवलं असेल तर ते अनेक झिपमध्ये वाटून येऊ शकतं, नावाच्या शेवटी 001, 002 असे आकडे असतात. त्यातली एखादी उतरलीच नसेल तर समोरच्याकडून काहीच राहिलेलं नसतं. म्हणून आधी झिप मोजा, मग फोटो.

आणि आलेल्या ३८९ वरही एक नजर टाका. नाव येतं, पण फोटो अर्धाच येतो असंही होतं. फोल्डर आकाराप्रमाणे, लहान फायली आधी येतील असं लावा. शून्य किलोबाइटच्या किंवा इतरांपेक्षा फारच लहान फायली वर येतील, त्या उघडून बघा. वरचा भाग ठीक आणि खाली सपाट राखाडी पट्टा असेल तर ती फाइल वाटेत तुटलेली आहे. तीही मागायच्या यादीत टाका, आणि हे २३ च्या हिशेबात धरू नका, ते वेगळे आहेत.

पाठवणाऱ्याकडे यादीच नसेल, म्हणजे कार्ड पुसलं आणि फोल्डरही हलवलं, तर तुम्ही फक्त पट्टे सांगू शकता: "७:०६ ते ७:३१ या वेळेतले आणि शेवटच्या फोटोनंतरचे बघा." त्यावरून त्यांना जुन्या प्रतीत शोधता येतं, पण नेमकं नाव देता येणार नाही हे आधीच मान्य करा.

छायाचित्रकारांना कसं लिहायचं याचा तुम्हाला संकोच वाटतोय. मी साधारण असं लिहितो: "तुमच्या फोल्डरातल्या फक्त JPG चा आकडा आणि सोबतच्या आज्ञेने निघणारी नावांची यादी एवढंच पाठवा. माझ्याकडच्या यादीशी ताडून राहिलेल्यांची नावं मी तुम्हाला कळवतो, तेवढेच पुन्हा पाठवा." शोधायचं काम आपण अंगावर घेतलं की समोरचा लगेच तयार होतो. राहिलेले आले की ते थेट जुन्यात ओतू नका. वेगळ्या फोल्डरात ठेवून मोजा, पुन्हा तीच दोन सूत्रं चालवा, आणि बेरीज बरोबर ४१२ आली की मगच एकत्र करा.

आकडे आणि यादी हातात आल्यावर कुठे अडलात तर इथेच लिहा. भोकाच्या दोन्ही बाजूंचे नंबर आणि त्यांच्या वेळा दिल्यात तर जास्त नेमकं सांगता येईल.